हळदीवर लिहा, हळदीने लिहू नका: छपाई आणि पडदा या दोन्हींसाठी ब्रँडचे रंग ठरवताना

नव्या ब्रँडचे रंग ठरवायला बसलेला माणूस बहुधा चार-पाच रंगीत चौकोन एका ओळीत मांडतो, त्यांना नावे देतो आणि काम संपले असे समजतो. अडचण लेबल छापून आल्यावर कळते, कारण ग्राहकाच्या डोळ्यांसमोर रंग कधीच एकटा येत नाही. तो कागदावर, दुसऱ्या रंगावर, नाहीतर उन्हात धरलेल्या फोनच्या पडद्यावर येतो. म्हणून या लेखात रंगांच्या यादीऐवजी रंगांच्या जोड्या ठरवण्याची रीत सांगितली आहे. कोणता रंग कोणत्या रंगावर बसेल, कोणत्या कामासाठी बसेल आणि कुठे अजिबात बसणार नाही, एवढे लिहून झाले की रंगसंगतीचे महत्त्वाचे काम होते.

उदाहरण म्हणून कोकमाची उत्पादने विकणारा एक छोटा घरगुती व्यवसाय घेऊ. गोड सरबत आणि बिनसाखरेचे खारे आगळ अशा त्याच्या दोन बाटल्या आहेत. माल तपकिरी क्राफ्ट कागदाच्या खोक्यातून जातो, विक्री संकेतस्थळावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या चित्रांवरून होते. म्हणजे चकचकीत लेबल, खरखरीत खोका आणि पडदा अशा तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर तेच रंग चालवायचे आहेत.

पहिली पायरी: रंगाआधी त्याचे काम लिहा

कोऱ्या कागदावर प्रथम कामे लिहावीत: ओळख, पार्श्वभूमी, मजकूर, आणि दोन बाटल्यांमधला भेद दाखवणाऱ्या दोन खुणा. अशी पाच कामे असतील तर रंगही पाचच घ्यावेत. सहावा रंग सुचला की त्याला काम विचारावे, आणि काम नसेल तर तो सोडून द्यावा.

ओळखीसाठी आमसुली रंग घेतला, कारण तो मालाचाच रंग आहे आणि साडीच्या दुकानात रुळलेल्या त्या शब्दामुळे मराठी ग्राहकाला तो नावानेही ठाऊक आहे. गोड सरबताला हळदी पिवळा आला. गोड म्हणजे सणासुदीचे आणि सण म्हटला की हळद, असा मालकीणबाईंचा हिशेब होता. आगळाला कोकमाच्या पानाचा हिरवा दिला. पार्श्वभूमीला फिकट मोतिया आणि मजकुराला तपकिरीकडे झुकलेला काळा ठेवला.

येथे नवख्यांची एक समजूत सुधारायला हवी. हळदी म्हणजे गोड हा अर्थ त्या रंगात मुळातून नाही. तो आपण ठरवलेला आहे आणि ग्राहकाला तो सरावाने शिकावा लागेल, तेव्हा पहिल्यांदा बाटली हातात घेणाऱ्याला पिवळा पट्टा काहीच सांगणार नाही. म्हणून पट्ट्यावर ‘गोड’ किंवा ‘बिनसाखरेचे’ हा शब्द असलाच पाहिजे. मधुमेही माणसाच्या घरी चुकीची बाटली गेली तर रंगाकडे बोट दाखवून भागत नाही.

काही अर्थ मात्र आपल्या हातात नसतात. भारतात खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर शाकाहारासाठी चौकटीतला हिरवा ठिपका ठरलेला आहे, आणि मांसाहारासाठी तपकिरी खूण आहे. ही तपकिरी खूणही पूर्वी गोल ठिपकाच होती. २०२० च्या लेबल नियमांनी तिचा त्रिकोण केला, त्यामुळे हिरवा आणि तपकिरी ओळखू न येणाऱ्यालाही आता आकारावरून भेद कळतो. आपल्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. आगळाचा हिरवा पट्टा ठिपक्याच्या आकारात कधीच आणायचा नाही, आणि तपकिरी रंगाला कोणताही अर्थ द्यायचा नाही. दुसरी गोष्ट पुढे अनपेक्षित ठिकाणी आडवी येणार आहे.

दुसरी पायरी: प्रत्येक रंगाचा उजळपणा मोजा

वाचता येणे किंवा न येणे हे मुख्यतः रंगाच्या जातीवर ठरत नाही, ते दोन रंगांच्या उजळपणातील फरकावर ठरते. उजळपणा मोजण्याचे सोयीचे माप म्हणजे रंग आकड्यांत मांडण्याच्या लॅब पद्धतीतील एल. शुद्ध काळ्याचा एल ० असतो आणि शुद्ध पांढऱ्याचा १००. हे माप मी मुद्दाम निवडतो, कारण पडद्याचे आरजीबी आकडे छापखान्याला उपयोगी नसतात आणि छापखान्याचे शाईचे टक्के पडद्याला कळत नाहीत, पण एल दोन्हीकडे चालतो. चित्रे बनवणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये रंग निवडताना तो दिसतो, आणि छापलेल्या कागदावर मोजयंत्र ठेवले तरी तोच आकडा मिळतो.

आपल्या पाच रंगांची शिडी अशी होते:

| रंग | पडद्यावरचा कोड | एल | काम |
|---|---|---|---|
| मोतिया | `#FBF5E9` | ९७ | पार्श्वभूमी |
| हळदी | `#E8A317` | ७२ | गोड सरबताचा पट्टा |
| पानहिरवा | `#2F6B3C` | ४० | आगळाचा पट्टा |
| आमसुली | `#6B1230` | २३ | ओळख, नाव |
| शाई | `#2A1F1C` | १३ | मजकूर |

ही शिडी पाहिली की पुढचे अर्धे निर्णय आपोआप सुचतात. दोन रंगांच्या एलमध्ये ५० चा फरक असेल तर साधा मजकूर नि:शंक वाचता येतो, आणि ४० चा असेल तर मोठी अक्षरे व चिन्हे चालतात. त्याहून कमी असेल तर त्या दोन रंगांची जोडी मजकुरासाठी वापरायची नाही. आमसुली आणि पानहिरवा यांत केवळ १७ चा फरक आहे, ही धोक्याची खूण याच क्षणी दिसायला हवी.

तिसरी पायरी: जोड्या लावा आणि पडद्यासाठी पक्का आकडा काढा

पडद्यासाठी जगभर वापरला जाणारा नियम वेब कन्टेन्ट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्सचा आहे. त्यात साध्या मजकुराला किमान ४.५, आणि मोठ्या मजकुराला किमान ३ इतके कॉन्ट्रास्टचे गुणोत्तर लागते. मोठा मजकूर म्हणजे १८ पॉइंट आणि त्यापुढचा, किंवा ठळक असेल तर १४ पॉइंट आणि त्यापुढचा. बटणाची कडा किंवा अर्थ सांगणारे चिन्ह यांनाही ३ लागते. प्रत्येक रंगाची ० ते १ यांमधील सापेक्ष दीप्ती, म्हणजे पांढऱ्याच्या तुलनेत तो किती प्रकाश देतो याचे माप, काढून, दोन्हींत ०.०५ मिळवून, मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागायचे असते. मोतियावर हळदी अक्षरे ठेवली तर काय होते ते पाहा:

```
(0.917 + 0.05) / (0.434 + 0.05) = 2.0
```

दीप्ती हाताने काढण्याची गरज नसते. रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर देणारी मोफत साधने भरपूर आहेत. मात्र दीप्तीच्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो, हे लक्षात ठेवावे. हळदीत हिरवा आणि लाल दोन्ही भरपूर असल्यामुळे ती डोळ्याला कितीही ठसठशीत वाटली तरी दीप्तीने पांढऱ्याच्या जवळ बसते. मोतियावरची हळदी अक्षरे फिकी दिसतात ती याच कारणाने.

नवखा माणूस येथे हमखास एक उपाय करतो, तो म्हणजे पिवळा गडद करणे. मीही तो केला होता. हळदीला `#8A5A00` पर्यंत खाली नेले की मोतियावर गुणोत्तर ५.५ होते आणि तपासणी पार पडते, पण तोवर रंग हळदी राहिलेला नसतो, तो सरळ तपकिरी झालेला असतो. गडद पिवळा असा काही रंग डोळ्याला दिसतच नाही, त्याला आपण तपकिरी म्हणतो. खाद्यपदार्थाच्या लेबलावर तपकिरीला अर्थ द्यायचा नाही हे आपण आधीच ठरवले आहे. तेव्हा हळदीने लिहायचे नाही, हळदीवर लिहायचे. हळदीवर शाईच्या रंगातील मजकूर ठेवला तर गुणोत्तर ७.४ येते, जे उत्तम आहे. आमसुलीवर हळदी अक्षरे ५.५ देतात, म्हणजे पडद्यावर तीही चालतात. एलचा फरक येथे ४९ आहे, पन्नासला एक कमी, तरी गुणोत्तर पास होते. काठावरच्या जोड्या म्हणूनच प्रत्यक्ष मोजून पाहाव्यात.

उरलेल्या जोड्या सोप्या आहेत. मोतियावर शाई १४.७, आमसुली ११ आणि पानहिरवा ५.९ देतो, म्हणून तिन्ही मजकुरासाठी मोकळे. त्याच जोड्या उलटवूनही चालतात, कारण गुणोत्तर दोन्ही बाजूंनी सारखेच असते. आमसुलीवर पानहिरवा १.९ आणि आमसुलीवर शाई १.३, म्हणून दोन्ही बंद.

देवनागरीसाठी माझा स्वतःचा एक कडक नियम आहे: मोठ्या अक्षरांना मिळणारी ३ ची सवलत घ्यायची नाही. एकाच पॉइंट आकारात देवनागरीला वरच्या वेलांट्या, मात्रा आणि खालचे उकार यांसाठी जागा सोडावी लागते, त्यामुळे मूळ अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान पडते. ‘प’ आणि ‘ष’ यांत एका तिरप्या रेघेचाच फरक असतो. ती रेघ फिकी पडली की शब्द बदलतो.

चौथी पायरी: रंग काढून टाकून पाहा

तयार मांडणीची छायाप्रत काढा किंवा फोनमध्ये ती कृष्णधवल करून बघा. जे अर्थ या चाचणीत नाहीसे होतात ते फक्त रंगावर टेकलेले होते. आपल्या पहिल्या मांडणीत आगळाच्या बाटलीवर आमसुली लेबलावर हिरवा पट्टा होता. रंगीत पडद्यावर तो झकास दिसत होता. कृष्णधवल केल्यावर पट्टा आणि लेबल एकच झाले.

ही चाचणी केवळ रंगांधत्वासाठी नाही, जरी लाल-हिरव्याचा भेद न कळणारे लोक, मुख्यतः पुरुष, प्रत्येक गावात असतात. जेपीईजी चित्र जतन होताना बहुधा उजळपणाची माहिती पूर्ण ठेवली जाते आणि रंगाची माहिती कमी बारकाव्याने साठवली जाते. म्हणून उजळपणात फरक नसलेली, फक्त रंगाने वेगळी असलेली अक्षरे व्हॉट्सअ‍ॅपवरून गेली की कडांना माखल्यासारखी होतात. कुरियरच्या थर्मल छपाईत तर रंगच नसतो, आणि जुन्या पिवळ्या दिव्याखाली हळदी व मोतिया जवळजवळ एकरूप दिसतात. उजळपणाचा फरक राखला की या सगळ्यांची सोय एकदमच होते.

दुरुस्ती अशी केली की पट्टा आमसुलीला चिकटवला नाही. त्याच्या वर-खाली मोतियाची रेघ सोडली, त्यामुळे हिरवा मोतियाला भिडतो आणि गुणोत्तर ५.९ होते. शिवाय गोड सरबताचा पट्टा सरळ आणि आगळाचा तिरप्या कापाचा केला. शाकाहाराची हिरवी खूणही आमसुलीवर हरवत होती, तिला पांढरी चौकट दिली. किंमत आणि निव्वळ वजन यांचे आकडे पार्श्वभूमीपासून ठळकपणे वेगळ्या रंगात असावेत अशी २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांचीही अट आहे. ते आम्ही फक्त मोतियावर शाईने छापतो, दुसरा पर्यायच ठेवलेला नाही.

पाचवी पायरी: छापखान्याचे वेगळे नियम लिहा

पडद्यावर पास झालेली जोडी छपाईत नापास होऊ शकते, आणि त्याचे कारण बहुधा रंग नसून प्लेट असतात. चार रंगांच्या ऑफसेट छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया आपापल्या प्लेटवरून एकामागून एक कागदावर पडतात, आणि त्या केसभरही सरकल्या तर बारीक अक्षरांच्या कडा फुटतात. ७ पॉइंटच्या मजकुरात अनुस्वार सुमारे पाव-अर्धा मिलिमीटरचा असतो. माझ्या एका जुन्या लेबलावर आमसुलीत उलटा सोडलेला, म्हणजे अक्षरांच्या जागी शाई न लावता कोरा कागदच दिसणारा, पांढरा बारीक मजकूर होता. शाई थोडी पसरली आणि ‘थंड’चा ‘थड’ झाला. छापखान्याचा दोष काढता आला नाही, कारण फाइल मीच तशी दिली होती.

म्हणून छपाईतला बारीक मजकूर एकाच प्लेटवर ठेवावा. पडद्यावरची शाई `#2A1F1C` तशीच फाइलमध्ये राहिली तर रूपांतरात तिचे चारही शायांचे मिश्रण होते आणि अक्षरांभोवती रंगीत धुरकट कड येते. छपाईच्या फाइलमध्ये मजकूर फक्त १०० टक्के काळ्या शाईचा करावा आणि तो खालच्या रंगावर ओव्हरप्रिंट ठेवावा, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापावा. आमसुलीत उलटे सोडलेले अक्षर ९ पॉइंटहून लहान नको, आणि तेही मध्यम-ठळक वजनाचे हवे. मजकूर फिका दिसावा म्हणून काळ्याचा ५०-६० टक्के टिंट वापरणे टाळावे, कारण टिंट म्हणजे ठिपके, आणि बारीक रेघ ठिपक्यांत तुटते.

आमसुलीवर हळदी अक्षरांची जोडी पडद्यावर चालते, पण छपाईत मी ती फक्त मोठ्या नावापुरती ठेवतो. शाई पारदर्शक असते, त्यामुळे हळदी थेट आमसुलीवर छापली तर दिसतच नाही. खालची आमसुली अक्षराच्या आकारात कापून काढावी लागते, आणि मग प्लेट सरकली की अक्षराला पांढरी किनार सुटते. छापणाऱ्याला ट्रॅपिंग द्यायला सांगावे, म्हणजे हळदी कडेला किंचित फुगवून आमसुलीखाली नेली जाते.

ओळखीचा आमसुली प्रत्येक खेपेला सारखा हवा असेल तर तो चार शायांतून जुळवण्यापेक्षा वेगळी तयार केलेली शाई, म्हणजे छापखान्याच्या भाषेत स्पेशल कलर, घ्यावा. खर्च वाढतो, पण किरमिजीचे प्रमाण थोडे हलताच आमसुली जांभळट किंवा विटकरी होण्याची कटकट संपते, आणि उलट्या अक्षरांना एकच प्लेट मिळते. एवढे परवडत नसेल तर पहिल्या खेपेचा मान्य केलेला नमुना सहीसह जपावा, आणि पुढची प्रत्येक खेप त्याच्याशी दिवसाच्या उजेडात ताडून घ्यावी. पडद्याशी ताडू नये. पडदा स्वतः प्रकाश सोडतो, कागद पडलेला प्रकाश परत देतो, त्यामुळे ती तुलना कधीच जुळत नाही.

क्राफ्टच्या खोक्याची गोष्ट सर्वांत वेगळी आहे. त्या कागदाचा स्वतःचाच एल साधारण ५५ ते ६५ असतो, आणि शाई त्यात मुरत असल्याने काळ्याचाही एल ३० च्या आसपास अडकतो. म्हणजे उत्तम परिस्थितीतही फरक तिशीचाच राहतो आणि गुणोत्तर ३ च्या पलीकडे क्वचित जाते. हळदी तेथे मळकट होते, हिरवा आणि आमसुली काळ्यासारखे दिसतात. त्यामुळे खोक्यासाठी नियम एका ओळीचा केला: एकच काळी शाई, फक्त नाव आणि चिन्ह, ठळक आणि मोठे. घटक, तारीख, किंमत हे सारे पांढऱ्या चिकटपट्टीच्या लेबलावर. खोक्यावर पाचही रंग हवेत असा मालकीणबाईंचा आग्रह होता, तो दोन नमुने हातात ठेवल्यावर मावळला.

सहावी पायरी: नियम एका पानात बसवा

हे पान आपल्यासाठी नसते, उद्या घाईत दिवाळीचे पोस्टर करणाऱ्या पोरासाठी असते. त्यामुळे त्यात मान्य जोड्यांचे प्रत्यक्ष नमुने छापावेत, बंद जोड्यांचेही छापून त्यांवर फुली मारावी, आणि प्रत्येक रंगासमोर पडद्याचा कोड, छपाईचे शाईचे टक्के किंवा स्पेशल कलरचा क्रमांक, आणि एल असे तीनही लिहावेत. संकेतस्थळासाठी रंगांना त्यांच्या दिसण्यावरून नव्हे तर कामावरून नावे द्यावीत. मग पुढे आमसुली जरा बदलला तरी नाव खोटे पडत नाही:

```css
:root {
  --page: #FBF5E9;
  --text: #2A1F1C;
  --brand: #6B1230;
  --sweet-bg: #E8A317;
  --sweet-text: #2A1F1C;
  --salty-bg: #2F6B3C;
  --salty-text: #FBF5E9;
}
```

पार्श्वभूमी आणि तिच्यावरचा मजकूर जोडीनेच लिहिल्यामुळे हळदीवर पांढरी अक्षरे टाकण्याची वाट बंद होते. अर्जात चूक झाल्याची सूचना लाल रंगाने द्यायचा मोह होतो, पण आमसुलीच्या शेजारी लाल उठत नाही आणि ब्रँडचाच रंग चुकीचा वाटू लागतो. ती सूचना शाईच्या रंगात, चिन्ह आणि शब्द यांसह द्यावी.

पान अंतिम करण्याआधी लेबलाचे प्रूफ खऱ्या बाटलीला चिकटवून ती एखाद्या किराणा दुकानात, ट्यूबलाइटखाली, वरच्या फळीवर ठेवून बघावी आणि हाताच्या अंतरावरून वाचून घ्यावी. बाटली गोल असते आणि चकचकीत लेबलावर दिव्याची पांढरी पट्टी पडते. आमच्या बाटलीवर ती नेमकी ‘बिनसाखरेचे’ या शब्दावर पडत होती, म्हणून तो शब्द बोटभर खाली आणला आणि लेबलाला मॅट लॅमिनेशन दिले.